कार्डाच्या पाठीवरचे चार आकडे

एटीएम कार्डाच्या पाठीवर सहीसाठी एक पांढरी पट्टी असते. मी बँकेत नोकरीला असताना हरवलेली, मशीनमध्ये अडकलेली, कुणा भल्या माणसाने आणून दिलेली कार्डं टेबलावर येत. ज्येष्ठांच्या कार्डांवर त्या पट्टीवर पुष्कळदा सही नसायची, चार आकडे असायचे. कुणी बॉलपेनने गिरवून लिहिलेले, कुणी सेलोटेपखाली कागदाचा कपटा डकवलेला, तर कुणी कार्डाच्या कागदी खोळीवर ‘पिन’ असा मथळा देऊन खाली दोन रेघा मारलेल्या. नीटनेटकेपणाचे संस्कार असे नको तिथे दिसायचे.

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाने या विषयावर बोलायला बोलावलं, तेव्हा ‘पिन लिहू नका’ एवढंच सांगून परत यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. ते सगळ्यांना ठाऊक असतं. लोक लिहितात ते विसरण्याच्या भीतीने, आणि ती भीती उगाच आलेली नाही. पूर्वी नवं कार्ड आलं की त्याचा पिन वेगळ्या बंद लिफाफ्यातून येई. आत कार्बनची काळी घडी, ती फाडली की पुसट अक्षरात चार आकडे. ते विसरले तर शाखेत अर्ज करायचा, आणि नवा लिफाफा येईपर्यंत काही दिवस कार्ड असून नसल्यासारखं. अशा व्यवस्थेत माणूस आकडे कुठेतरी टिपून ठेवणारच. सवय तेव्हाची आहे, व्यवस्था मात्र आता बदलली आहे.

आता बहुतेक बँका पिन पोस्टाने पाठवत नाहीत. तुम्ही तो स्वतः तयार करता, आणि विसरलात तर पुन्हा तयार करता. आपल्याच बँकेच्या एटीएमवर जायचं, भाषा मराठी निवडायची, ‘पिन तयार करा’ किंवा ‘ग्रीन पिन’ असं काहीतरी लिहिलेला पर्याय दाबायचा. यंत्र खाते क्रमांक किंवा बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांक विचारतं. त्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकला की नवा पिन दोनदा टाकायला सांगतं. काही बँकांत मध्येच कार्ड काढून पुन्हा घालावं लागतं, एवढाच फरक. बँकेच्या मोबाइल अ‍ॅपवरूनही हे होतं. म्हणजे विसरण्याची किंमत आज एका फेरीएवढी आहे. कार्डावर लिहिण्याची किंमत खात्यातल्या शिलकेएवढी असू शकते.

यात एक अट दडलेली आहे. ओटीपी जिथे येतो तो मोबाइल तुमच्या हातात हवा. बऱ्याच ज्येष्ठांच्या खात्याला मुलाचा नंबर जोडलेला असतो आणि मुलगा बंगळुरूला असतो, किंवा कधीच बंद झालेल्या सिमचा नंबर अजून बँकेत तसाच असतो. असा माणूस पिन विसरला की खरोखरच अडकतो, आणि खात्यातून पैसे गेल्याचा एसएमएसही त्याला मिळत नाही. तेव्हा शाखेत जाऊन आपला चालू नंबर खात्याला जोडून घेणं, हे पिन निवडण्याच्याही आधीचं काम.

शाखेतला कर्मचारी तुमचा विसरलेला पिन सांगू शकत नाही, यावरूनही गैरसमज असतो. लोकांना वाटतं तो मुद्दाम सांगत नाही. खरं तर त्याच्याकडे तो नसतोच. तुम्ही बटणं दाबलीत की कीपॅडमध्येच आकड्यांचं सांकेतिक रूपांतर होतं, आणि पडताळणी बँकेच्या कुलूपबंद यंत्रणेत होते. कुठल्याही माणसाच्या पडद्यावर तो पिन उमटत नाही. म्हणून ‘बँकेतून बोलतोय, तुमचा पिन पडताळायचा आहे’ असं म्हणणाऱ्याशी वाद घालायचीही गरज नाही. बँकेला जे कधी दिसतच नाही, ते ती फोनवर विचारत नाही. फोन ठेवून द्यावा.

आता पिन नेमकं काय राखतो ते पाहू. 0000 पासून 9999 पर्यंत चार आकड्यांचे 10,000 पिन होतात. संगणकाच्या हिशेबाने ही संख्या अगदीच किरकोळ आहे. तरी चार आकडे पुरतात, कारण यंत्र तीनच संधी देतं. तीनदा चुकलं की कार्ड अडतं, बहुतेक बँकांत त्या दिवसापुरतं. पिन खरोखर कसाही, मनाला येईल तसा निवडलेला असेल, तर चोराला दहा हजारांत तीन संधी मिळतात.

चारच आकडे का, याची एक मजेदार हकीकत आहे. लंडनच्या एन्फील्ड भागात 27 जून 1967 रोजी बार्कलेज बँकेचं पैसे देणारं यंत्र सुरू झालं. ते उभं करणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्या शिलाँगचा. त्यांना लष्करातला आपला सहा आकडी क्रमांक पाठ होता, म्हणून सहाच आकडे ठेवावेत असा त्यांचा विचार. स्वयंपाकघरात बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, माझ्या चारच लक्षात राहतील. ही गोष्ट त्यांनी स्वतःच पुढे मुलाखतीत सांगितली. विसराळूपणाची काळजी घेऊनच हा आकडा ठरला आहे, असं म्हणायला हरकत नाही.

पण दहा हजारांत तीन हा हिशेब फक्त कागदावरचा. प्रत्यक्षात माणसं दहा हजारांतून निवडतच नाहीत. निक बेरी नावाच्या अभ्यासकाने 2012 साली इंटरनेटवर फुटलेल्या याद्यांमधले 34 लाख चार आकडी पासवर्ड तपासले. त्यात जवळजवळ 11 टक्के लोकांनी 1234 ठेवलेला होता, 6 टक्क्यांनी 1111 आणि सुमारे 2 टक्क्यांनी 0000. ते बँकेचे पिन नव्हते, पण माणसाचा कल त्यातून कळतो. 2580 हादेखील त्यात बराच वर होता, कारण कीपॅडच्या मधल्या उभ्या ओळीत बोट वरून खाली नेलं की तोच येतो. आणि 19 ने सुरू होणारे आकडे भरमसाट, कारण ती जन्मसालं.

केंब्रिज विद्यापीठातल्या तीन संशोधकांनी त्याच वर्षी हाच प्रश्न चोराच्या बाजूने विचारला. लोक पिन कसा निवडतात याची पाहणी करून त्यांनी असा अंदाज मांडला, की पाकिटात कार्डासोबत जन्मतारखेचा कागद असेल, तर शहाण्या चोराला दर 11 ते 18 पाकिटांमागे एकाचा पिन लागतो. आपल्याकडे तर ज्येष्ठाच्या पाकिटात जन्मतारीख असतेच. एसटीत सवलतीचं तिकीट काढायचं तर वयाचा पुरावा दाखवावा लागतो, म्हणून आधार कार्ड कायम सोबत, आणि ते डेबिट कार्डाला अगदी खेटून.

एक काल्पनिक पाकीट उघडून पाहू. समजा, 14 ऑगस्ट 1951 ला जन्मलेले एक निवृत्त गृहस्थ आहेत. पाकिटात आधार, पॅन, वाहन परवाना, स्कूटरच्या आरसी बुकाची झेरॉक्स, एक डेबिट कार्ड आणि स्वतःच्या नावपत्त्याची चिठ्ठी, ‘सापडल्यास फोन करावा’ असं लिहिलेली. चोराला 1234 वगैरे नेहमीचे आकडे बाजूला ठेवूनही काय मिळतं? जन्मसाल 1951. तारीख आणि महिना 1408. महिना आणि साल 0851. स्कूटरच्या नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे, जे आपल्याकडे पिन म्हणून फारच लाडके आहेत. चिठ्ठीवरच्या मोबाइलचे शेवटचे चार. झाले पाच अंदाज. आज तीन वापरायचे, उरलेले दोन उद्या, कारण उद्या कार्ड पुन्हा सुटलेलं असू शकतं. यांनी पिन कार्डावर लिहिलेला नाही, तरी पाकिटात तो असल्यातच जमा.

म्हणून पिन निवडताना एकच कसोटी लावा: माझं पाकीट आणि माझा फोन क्रमांक हाती असलेल्या माणसाला हा आकडा पाच-सहा प्रयत्नांत सुचेल का? सुचणार असेल तर तो बाद. बायकोचा वाढदिवस, लग्नाची तारीख, नातवाचं जन्मसाल हेही घरच्या माणसांच्या, शेजाऱ्यांच्या आणि कामाला येणाऱ्यांच्या दृष्टीने उघडंच. ज्येष्ठांच्या खात्यातून पैसे नेणारा दर वेळी अनोळखीच असतो असं नाही, हे बँकेतल्या कुणालाही विचारा.

मग लक्षात राहील आणि कुणाला सुचणार नाही असा आकडा आणायचा कुठून? संघातल्या मंडळींना मी दोन वाटा सांगितल्या. त्यातली पहिली माझ्या विशेष आवडीची आहे.

आपल्याकडे शब्दात आकडा लपवण्याची एक जुनी रीत आहे, कटपयादी. केरळच्या ज्योतिर्विदांनी मोठमोठ्या संख्या श्लोकात बसवण्यासाठी ती वापरली. कर्नाटक संगीतातल्या मेळकर्ता रागांची नावंही तिच्यावर बेतलेली आहेत. धीरशंकराभरण हा 29 वा मेळ: ध म्हणजे 9, र म्हणजे 2, आणि जुन्या प्रथेप्रमाणे उलट वाचलं की 29. आपल्याला उलटसुलट करायची गरज नाही. अक्षरं अशी:

क ख ग घ ङ च छ ज झ ञ: अनुक्रमे 1 2 3 4 5 6 7 8 9 0

ट ठ ड ढ ण त थ द ध न: तसेच 1 ते 9 आणि 0

प फ ब भ म: 1 ते 5

य र ल व श ष स ह ळ: 1 ते 9

काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि अनुस्वार सोडून द्यायचे. जोडाक्षरात शेवटचं व्यंजन मोजायचं. शब्दाच्या सुरुवातीला नुसता स्वर आला तर शून्य.

आता चार अक्षरी शब्द घ्या. साबुदाणा: स 7, ब 3, द 8, ण 5, म्हणजे 7385. थालीपीठ: थ 7, ल 3, प 1, ठ 2, म्हणजे 7312. पारिजात: 1286. हे आकडे कुणाच्याही आधार कार्डावर मिळायचे नाहीत. शब्द मात्र असा निवडा की त्याचा तुमच्याशी काही धागा असेल पण तो कुणाला ठाऊक नसेल, जसं की शाळेत असताना पाठ झालेलं एखादं अवघड नाव, किंवा लहानपणीच्या घराच्या परसातलं झाड. आडनाव किंवा गावाचं नाव नको, ते पाकिटात लिहिलेलं असतं. आणि वर दिलेले तीन शब्दही नकोत, ते आता छापून आले.

आकडा निघाल्यावर एकदा नजर टाका. कारलं या शब्दाचे 1, 2, 3 होतात, आणि त्यापुढे 4 देणारं अक्षर जोडलंत तर एवढा खटाटोप करून पुन्हा 1234 वरच याल. 19 ने सुरू होणारा आकडा आला तरी शब्द बदला.

एटीएमसमोर उभं राहून अक्षरं मोजत बसायचं नाही. एरवी आकडे आपोआप बोटांवर येतात. शब्द लागतो तो ते अडतील तेव्हा. आणि ते अडतात याला कारण आहे. रोज एकच पिन दाबणाऱ्याला तो डोक्यापेक्षा बोटांनाच पाठ झालेला असतो. मध्ये महिना-दोन महिने आजारपणात गेले, किंवा मुलाकडे राहायला गेलात, की बोटं विसरतात, आणि डोक्यात तर तो कधी नीट बसलेलाच नव्हता. अशा वेळी घरी शांतपणे बसून शब्दावरून आकडा पुन्हा काढता येतो.

दुसरी वाट पाढ्यांची. ज्यांनी शाळेत घोकून पाठ केले, त्यांच्या डोक्यातून पाढे जात नाहीत, कालचं जेवण आठवलं नाही तरी. दोन ओळी निवडा आणि उत्तरं जोडा. तेरा सक अठ्ठ्याहत्तर, चौदा चोक छप्पन्न: 7856. म्हणताना ओठ हलवू नका म्हणजे झालं. या पद्धतीत निवड कटपयादीपेक्षा कमी मिळते, तरी तीन संधींत सापडण्याची भीती फारशी नाही.

संघात एका आजींनी विचारलं, की शब्दच विसरला तर? रास्त प्रश्न आहे. शब्द घरातल्या वहीत असायला हरकत नाही, पण तो इतर शब्दांच्या गर्दीत हवा. स्वयंपाकाच्या वहीतल्या पन्नास पदार्थांत एक, कुठली खूण नाही, ‘एटीएम’ असा उल्लेख नाही. त्यातून कुणाला काही कळायचं नाही. मात्र आकडे कुठेच नकोत. फोनमध्ये ‘एटीएम मावशी’ नावाने नंबर साठवणारे बरेच भेटतात. त्यांना वाटतं ही आपलीच युक्ती आहे, पण फोन हाती आलेला माणूस पहिल्यांदा ‘एटीएम’, ‘पिन’, ‘बँक’ याच नावांनी शोध घेतो. पासबुकाचं शेवटचं पान आणि कपाटाच्या दाराची आतली बाजू, याही जागा सगळ्यांनाच सुचलेल्या आहेत.

दोन-तीन बँकांची कार्डं असतील तर प्रत्येकाचा पिन वेगळा ठेवावा असा सल्ला सगळीकडे मिळतो. मी त्यात थोडी दुरुस्ती करतो: आधी कार्डं कमी करा. वापरायचं एकच कार्ड पाकिटात ठेवा, न लागणारी बँकेला सांगून बंद करा. चार पिन सांभाळायचे म्हटलं की वही येते, आणि वही आली की सगळंच आलं. फोनच्या कुलपाचा आकडा मात्र एटीएमचा ठेवू नका. फोन आपण बसमध्ये, देवळात, नातवंडांसमोर दिवसातून वीसदा उघडतो. यूपीआयचा पिनही वेगळाच हवा.

निवडलेला पिन बटणं दाबतानाच दिसला तर सगळी मेहनत वाया. कीपॅडवर दुसऱ्या हाताची ओंजळ धरा, मागे कुणी नसलं तरी, कारण छुपा कॅमेरा मागे नाही, वर असतो. आणि एटीएममध्ये ‘काका, मी करून देतो’ म्हणणारा माणूस दोनच गोष्टींसाठी आलेला असू शकतो: पिन पाहायला आणि कार्डाची अदलाबदल करायला. तो तुमच्या हातात त्याच बँकेचं, त्याच रंगाचं, दुसऱ्याच कुणाचं तरी कार्ड ठेवतो. घरी आल्यावर ते पाकिटात असतं म्हणून दिवसेंदिवस शंकाही येत नाही. यंत्रातून बाहेर आलेल्या कार्डावरचं नाव वाचायची सवय लावा. अक्षर बारीक असतं, म्हणून चष्मा सोबत न्या.

पिन लिहिलेलं कार्ड हरवलं तर पुढे काय होतं? चोर तुमच्या बँकेच्या दिवसाच्या मर्यादेपर्यंत पैसे काढतो. सराईत असेल तर रात्री बाराच्या थोडं आधी एकदा आणि बारानंतर पुन्हा एकदा, म्हणजे तारीख बदलल्याने दोन दिवसांची मर्यादा एकाच रात्रीत वापरली जाते. तुम्ही झोपलेले, एसएमएस सकाळी वाचता. यावर सोपा उतारा आहे. कार्डाची दिवसाची मर्यादा कमी करून ठेवता येते, अ‍ॅपमधून किंवा शाखेत सांगून. महिन्याला पंधरा हजार लागणाऱ्या माणसाला दिवसाला चाळीस हजारांची मर्यादा कशाला हवी? पाच हजार ठेवा, दवाखान्याची वेळ आली तर वाढवता येते. त्याच ठिकाणी परदेशी व्यवहार आणि ‘टॅप’ बंद करण्याची सोय असते. कार्डावर लहरींची खूण असेल तर दुकानात 5,000 रुपयांपर्यंतचा व्यवहार नुसतं कार्ड टेकवून, पिनशिवाय होतो. तिथे चांगला पिनही काही राखत नाही.

पैसे परत मिळतील का, हे रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात सांगितलेलं आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकाला भुर्दंड नाही. चूक ना बँकेची ना तुमची, व्यवस्थेत कुठेतरी असेल, आणि बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तरीही नाही. चार ते सात दिवस लागले तर साध्या बचत खात्याच्या ग्राहकाला जास्तीत जास्त 10,000 रुपयांपर्यंत नुकसान सोसावं लागू शकतं. पण ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल, म्हणजे त्याने पिन दुसऱ्याला कळू दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. पाठीवर पिन लिहिलेलं कार्ड तुम्हाला सरळ या निष्काळजीपणाच्या कलमात नेऊन बसवतं. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे हे खरं, पण पहिल्याच प्रयत्नात बरोबर पिन पडल्याची नोंद बँकेकडे असते, आणि त्यावर उत्तर देणं अवघड जातं.

त्यामुळे कार्ड सापडत नाही असं वाटताच घर शोधत बसू नका. आधी अ‍ॅपवरून किंवा बँकेच्या टोल फ्री क्रमांकावरून कार्ड बंद करा. सापडलं तर नवं मागवता येतं. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा, कारण ‘कळवेपर्यंत’ आणि ‘कळवल्यानंतर’ यातली रेघ त्या वेळेवर ओढली जाते. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करा. बँकेचा टोल फ्री क्रमांक कार्डाच्या पाठीवरच छापलेला असतो, आणि कार्डच हरवलेलं असतं. म्हणून तो आजच घरातल्या कॅलेंडरवर लिहा. हे चार-दहा आकडे मात्र खुशाल भिंतीवर मिरवू देत.

आता घरातल्या माणसांचं. ‘पाय दुखतात, नातू पैसे काढून आणतो’ ही घरोघरची रीत आहे. तिच्यात दोष नातवाचा नाही, कागदाचा आहे. बंगळुरूची एक केस लक्षात घेण्यासारखी आहे. 2013 साली एका बाळंतीण बाईने नवऱ्याला आपलं कार्ड आणि पिन देऊन 25,000 रुपये काढायला पाठवलं. यंत्रातून पावती आली, पैसे आले नाहीत. प्रकरण ग्राहक मंचात काही वर्षं चाललं, आणि 2018 मध्ये निकाल तिच्याविरुद्ध गेला: पिन दुसऱ्याला सांगितला होता, मग तो दुसरा नवरा का असेना. घरात विश्वास असला तरी बिघाड यंत्राचा होऊ शकतो, आणि तेव्हा भांडायला तुमची बाजू उरत नाही.

यावर रीतसर वाट आहे. खातं संयुक्त असेल आणि ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ अशी सूचना असेल, तर दोघांना वेगवेगळी कार्डं आणि वेगवेगळे पिन मिळतात. खातं जुनंच ठेवून नाव जोडता येतं. सत्तरी ओलांडलेल्यांना आणि आजारी खातेदारांना घरपोच रोख रक्कम देण्याची सोय ठेवा, असं रिझर्व्ह बँकेने 2017 पासून बँकांना सांगितलेलं आहे. तुमच्या शाखेत ती आहे का आणि तिला शुल्क किती, ते विचारा. कामाला येणाऱ्या बाईंकडे कार्ड आणि पिन देण्यापेक्षा ते शुल्क परवडतं.

वाचता वाचता कुणी कार्ड उलटून पाहिलं असेल आणि त्यावर आकडे असतील, तर ते खोडून भागणार नाही. बॉलपेनचा दाब प्लास्टिकवर राहतो, तिरप्या उजेडात वाचता येतो, आणि आजवर ते कुणी पाहिले हे तुम्हाला माहीत नाही. पिनच बदला. जुना आठवत असेल तर कोणत्याही दिवशी एटीएमवर ‘पिन बदला’ या पर्यायाने दोन मिनिटांत होतं.

शेवटी एका काकांनी जरा बिचकतच विचारलं, “मी लिहून ठेवलाय तो माझ्यासाठी नाही. उद्या मला काही झालं तर हिला पैसे काढता यावेत म्हणून. तिला बँकेतलं काही कळत नाही.” मला वाटतं, पिन लिहिण्याचं हे सगळ्यांत मोठं आणि कुणी न बोललेलं कारण आहे. पण त्यासाठी पिनचा उपयोग नाही. खातेदार गेल्यावर त्याच्या कार्डाने पैसे काढायची मुभा कुणालाच नसते, पत्नीलाही नाही, आणि वारसांत वाद निघाला तर तीच अडचणीत येते. संयुक्त खातं असेल तर तिचं स्वतःचं कार्ड चालतच राहतं. एकट्याचं खातं असेल तर नामनिर्देशन हवं. मग मृत्यूचा दाखला, दाव्याचा अर्ज आणि तिची ओळखपत्रं दिली की बँकेने 15 दिवसांत दावा निकाली काढायचा असतो. नामनिर्देशन झालेलं आहे की नाही, हे पासबुकाच्या पहिल्या पानावर पाहा. नोंद नसेल तर शाखेत ‘डीए-1’ नावाचा अर्ज मागायचा. एका पानाचा असतो, आणि त्याची पोच मागून घ्यायची.